दोन तासांची मुलाखत, सात मिनिटांची गोष्ट: मधलं काम कागदावर कसं होतं?

गणपतीत गावी आलेल्या भाच्याने फोन पुढे केला आणि म्हणाला, "मामा, एक तास बावन्न मिनिटं झालंय. आता याचं काय करू?"

शेजारच्या वाडीतल्या एका आजोबांची मुलाखत त्याने घेतली होती. आजोबांनी सगळी उमर रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या मासेमारीत घालवली. ओटीवर बसवून, कॉलरला छोटा माईक लावून, पंखा बंद करून त्याने त्यांना बोलतं केलं होतं. काम नीट झालं होतं. पण घरी येऊन सगळं ऐकलं तेव्हा त्याला घाम फुटला, कारण त्याला सात मिनिटांची फिल्म करायची होती आणि आजोबा मात्र फयान वादळापासून नातवाच्या लग्नापर्यंत सगळीकडे फिरून आले होते.

हा प्रश्न आता कोकणात घरोघरी आहे. मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमानी येतात, आजीची ओवी, आजोबांची होडी, जुनं घर, सगळं फोनमध्ये भरून नेतात. मग ते तिथेच पडून राहतं, कारण पुढची पायरी कोणी सांगत नाही. ती पायरी कागदावरची आहे. धंद्यात तिला पेपर एडिट म्हणतात. मी इथे कागदी कट म्हणतो. मुलाखत शब्दशः लिहून काढायची, त्यातली कामाची वाक्यं निवडायची, ती हव्या त्या क्रमाने लावायची आणि हे सगळं झाल्यावरच संकलनाच्या सॉफ्टवेअरला हात लावायचा.

## कागद कशाला, सॉफ्टवेअर आहे ना?

भाच्याने पहिला प्रश्न हाच विचारला. मी मुंबईत एडिट रूममध्ये उमेदवारी करायचो तेव्हा उत्तर सरळ पैशाचं होतं. मोठ्या टेपवरचं काम ज्या खोलीत व्हायचं तिचं भाडं तासावर असायचं. म्हणून त्या टेपची साधी व्हीएचएस प्रत काढायची, तिच्यावर पडद्याच्या कोपऱ्यात टाइमकोड छापून घ्यायचा आणि ती घरी नेऊन रात्रभर वही घेऊन बसायचं. टाइमकोड म्हणजे चित्रणाचा पत्ता, म्हणजे तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम. भाड्याच्या खोलीत पाऊल टाकताना हातात आकड्यांची यादी तयार हवी, नाहीतर साहेब ओरडायचे.

आता खोलीचं भाडं नाही, तरी कागद सुटलेला नाही. याचं कारण डोळ्यांचं आहे. स्क्रीनवर मुलाखत एक लांब पट्टी असते आणि तिचा एका वेळी एकच क्षण दिसतो. तिसऱ्या मिनिटाला आजोबा जे बोलले त्याची जोड एकशेएकाव्या मिनिटाशी आहे, हे पट्टीवर कळत नाही. कागदावर ती दोन्ही पानं शेजारी ठेवता येतात. शिवाय स्क्रीनवर माणूस फार लवकर सजवायला लागतो. एक तुकडा आवडला की त्याखाली संगीत, त्यावर लाटा, आणि तासाभराने चाळीस सेकंद झकास तयार असतात, ज्यांची गोष्टीत गरजच नसते. मग ते फेकवत नाहीत. कागदावरच्या ओळीवर काट मारायला मात्र काही वाटत नाही.

दशावतार पाहिलाय त्याला हे लगेच कळेल. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. आख्यान कोणतं, कोण आधी येणार, कोण कधी जाणार हे ठरतं आणि मग नट रंगमंचावर आपल्या मनाने बोलतात. कागदी कटात हेच उलट होतं. बोलणं आधीच होऊन गेलेलं असतं, एक शब्दही नवा मिळणार नाही, आणि प्रवेशांचा क्रम आपण नंतर लावतो.

## पहिलं काम: लिहून काढणं, आणि गप्प बसणंसुद्धा लिहिणं

माणूस निवांत बोलतो तेव्हा मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे शब्द होतात. आजोबा सावकाश बोलणारे, तरीही एक तास बावन्न मिनिटांचे बारा हजारांच्या आसपास शब्द झाले. मोठ्या अक्षरात, उजवीकडे रुंद समास सोडून छापले तर चाळीस पानं. भाच्याने फोनमधल्या बोलून टाइप करायच्या सोयीवर काम उरकायचं पाहिलं, पण मालवणी तिला झेपली नाही. 'रापण'चं तिने 'रावण' केलं. शेवटी त्याने चार रात्री बसून हाताने लिहिलं. प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला टाइमकोड टाकला.

चूक पुढे होती. त्याने भाषा 'सुधारून' लिहिली होती. 'म्हणजे', 'तर', 'काय तां' हे सगळं गाळलं, अर्धी वाक्यं पुरी केली. वाचायला गोड, पण कामाला निरुपयोगी, कारण जे वाक्य आजोबांच्या तोंडून कधी निघालंच नाही ते आपण निवडून बसतो आणि सॉफ्टवेअरमध्ये शोधायला गेलो की सापडत नाही. मी त्याला परत ऐकायला बसवलं. खोकला, हसू, कोंबड्याचं आरवणं, मधेच आतून आलेली चहाची हाक, सगळं कंसात लिही म्हटलं. मुख्य म्हणजे जिथे ते थांबले तिथे किती सेकंद थांबले ते लिही.

त्या दुसऱ्या फेरीत एक गोष्ट हाती लागली. पहिल्या कागदावर ओळ होती: 'जाळं माळ्यावर आहे, उंदीर खातात, सगळे विकायला सांगतात पण विकणार नाही.' ठीक वाक्य आहे, कोणीही ओलांडून जाईल. दुसऱ्या कागदावर ती अशी उतरली:

"जाळा माळ्यार आसा. उंदीर खातत. विकूक सांगतत सगळे... (चार सेकंद गप्प, बाहेर बघतात) विकूक नाय."

फिल्म त्या चार सेकंदांत होती आणि पहिल्या कागदाने ती खाऊन टाकली होती.

## निवड करण्याआधी एक प्रश्न

आता चाळीस पानं आणि एक पेन्सिल. इथे बहुतेक जण 'छान छान' वाक्यांवर खुणा करत सुटतात. भाच्यानेही एक्केचाळीस बाईट काढले. बाईट म्हणजे मुलाखतीतला सलग, उचलून वापरता येईल असा तुकडा. बातम्यांच्या धंद्यामुळे हा शब्द आता सगळ्यांना माहीत आहे. एक्केचाळीस बाईट मिळून सव्वीस मिनिटं भरली. फिल्म सात मिनिटांची, त्यात लाटांना, दोराला, जाळ्याला आणि गप्प बसण्यालाही जागा हवी, म्हणजे बोलणं जास्तीत जास्त पाच-सव्वापाच मिनिटं. वीसेक मिनिटं काढायची होती आणि प्रत्येक बाईट त्याला जीव की प्राण वाटत होता.

मी विचारलं, "फिल्म कोणत्या प्रश्नाचं उत्तर देते?"

"आजोबांच्या आयुष्याबद्दल आहे."

हा विषय झाला. विषयाने काही गाळता येत नाही, कारण आयुष्यात सगळंच बसतं. प्रश्न असेल तर गाळता येतं. त्याच्यापुढे दोन प्रश्न होते. एक, रापण बंद का पडली? दुसरा, बंद पडलेल्या रापणीचं जाळं हा माणूस विकत का नाही? पहिला घेतला तर माणूस साक्षीदार होतो आणि फिल्म मासेमारीच्या धोरणावर जाते. तीही करण्यासारखी आहे, पण तिला एका ओटीवरची मुलाखत पुरत नाही. खात्याचे अधिकारी, खोल पाण्यात पर्ससीन जाळी टाकणारे, अभ्यासक, सगळ्यांकडे जावं लागेल. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र फक्त हेच आजोबा देऊ शकतात. त्याने दुसरा निवडला.

मग गाळणं सोपं झालं, दुखलं मात्र. ११ नोव्हेंबर २००९ला फयान वादळ कोकणावर आलं, त्या रात्रीची हकीकत आजोबांनी सहा मिनिटं सांगितली होती. ऐकताना अंगावर काटा येतो. पण त्या रात्री माळ्यावरच्या जाळ्याचं काही झालं नाही. ती हकीकत वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. भाचा तासभर माझ्याशी भांडला आणि मग स्वतःच त्या पानावर आडवी रेघ मारून 'दुसरी फिल्म' असं लिहून ठेवलं. पान फाडायचं नाही, रेघ मारायची. उद्या लागतं.

## क्रम: जमिनीवर मांडलेल्या पत्रिका

उरलेले बाईट त्याने एकेका कागदावर लिहिले. आमच्याकडे जुन्या लग्नपत्रिका पडलेल्या असतात, त्यांच्या कोऱ्या पाठी कापून घेतल्या. प्रत्येकावर टाइमकोड, पहिले चार शब्द, शेवटचे चार शब्द आणि किती सेकंद. सगळं वाक्य लिहायचं नाही, नाहीतर पत्रिका वाचतच बसतो. माजघरात जमिनीवर मांडल्या. दार उघडं राहिलं आणि खाऱ्या वाऱ्याने दोनदा सगळा इतिहास उलटापालटा केला. त्यातला दुसरा क्रम खरं तर वाईट नव्हता.

भाच्याची पहिली मांडणी काळाच्या क्रमाने होती. जन्म, बाप, शाळा सोडली, रापण, लग्न, रापण बंद, जाळं. मोठ्याने वाचून बघितलं तर तिसऱ्या पत्रिकेलाच लक्ष उडालं, कारण 'पुढे काय' असा प्रश्नच पडत नव्हता. दुसऱ्या मांडणीत त्याने सगळ्यात जोरदार बाईट, माळ्यावरच्या जाळ्याचा, आधी ठेवला. ही आता फॅशन आहे, जोरदार वाक्य पहिल्या दहा सेकंदांत. पण ज्याला रापण म्हणजे काय तेच ठाऊक नाही त्याला माळ्यावरच्या जाळ्याचं काय वाटणार? अडगळीतलं एक जाळं, इतकंच. आजोबांचं थांबणं तिथे वायाच गेलं.

रापण म्हणजे काय ते इथेच सांगतो. जाळ्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावर माणसांच्या हाती देतात. होडी बाकीचं जाळं पाण्यात सोडत अर्धगोल फिरते आणि दुसरा दोर घेऊन लांबवर किनाऱ्याला लागते. मग माणसांच्या दोन रांगा दोन्ही दोर ओढत जाळं मासळीसकट वाळूवर आणतात. मालवण-वेंगुर्ल्याकडे काही ठिकाणी आजही ओढतात. यंत्र नाही, माणसंच लागतात, आणि आलेल्या मासळीचे वाटे होतात. हे दोन मुद्दे, माणसं आणि वाटा, कळल्याशिवाय जाळं कळत नाही.

म्हणून क्रम लावताना आम्ही प्रत्येक पत्रिकेला एकच गोष्ट विचारली: ही ऐकायच्या आधी माणसाला काय माहीत असायला हवं? गवंडी चिरा बसवताना खालचा थर बघतो, तसंच. शेवटी सात पत्रिका उरल्या.

| क्र. | पासून – पर्यंत | काय | वेळ |
|---|---|---|---|
| १ | ००:४१:१० – ००:४१:५२ | बाप हात वर करतो | ४२ सेकंद |
| २ | ००:१२:०५ – ००:१३:०० | रापण कशी ओढतात | ५५ सेकंद |
| ३ | ००:४७:३० – ००:४८:१८ | वाटा कोणाला | ४८ सेकंद |
| ४ | ००:२१:४० – ००:२२:२० | पर्ससीन | ४० सेकंद |
| ५ | ०१:१८:१५ – ०१:१९:०५ | ओढायला माणसं नाहीत | ५० सेकंद |
| ६ | ०१:२६:०२ – ०१:२६:४७ | शेवटची रापण | ४५ सेकंद |
| ७ | ०१:४१:२० – ०१:४१:४८ | जाळं माळ्यावर | २८ सेकंद |

एकूण पाच मिनिटं आठ सेकंद. उरलेली जवळजवळ दोन मिनिटं चित्र, समुद्राचा आवाज आणि शांतता.

पहिल्या क्रमांकावर बापाची आठवण का? त्यात आजोबा काही समजावत नाहीत, दाखवतात: "बापूस हयसर उभो रव्हायचो. काय बोलायचो नाय. पाण्याकडे बघायचो. आणि मगे हात वर केल्यान, की सगळे धावत." हात वर झाला, लोक धावले, कशासाठी ते अजून माहीत नाही. त्या न कळण्यावर दुसरा बाईट आरामात बसतो. रापण समजावणारा तुकडा एरवी शाळेतल्या धड्यासारखा वाटला असता, इथे तो उत्तर म्हणून येतो.

तिसरा बाईट आम्ही जवळजवळ काढला होता. त्यात आजोबा सांगतात की दोराला हात लावला त्याला वाटा. वाडीतली एक म्हातारी नुसती येऊन दोर धरायची, ओढायची ताकद नव्हती, "तरी तिका चार बांगडे गावायचे." भाच्याला हे 'गोड पण जास्तीचं' वाटलं. मोठ्याने वाचताना ध्यानात आलं की शेवटचं उत्तर इथेच दडलंय. जाळं विकत नाहीत कारण त्या जाळ्यात वाडीचा वाटा होता. आजोबा हे कुठेच म्हणत नाहीत, म्हणायलाही नकोत. म्हातारी तिसऱ्या जागी असली की सातव्या जागी बघणारा स्वतः म्हणतो.

## बोलणं मागेपुढे केलं म्हणजे खोटेपणा नाही का?

लोक हे विचारतात आणि बरोबर विचारतात. एक्केचाळीसाव्या मिनिटाचं आधी, बाराव्याचं नंतर. आजोबा असे बोललेच नव्हते.

माणूस आठवणी क्रमाने सांगतच नाही. जसं सुचतं तसं सांगतो. क्रम लावणं हे त्याच्यासाठी केलेलं काम आहे, पण एका अटीवर: प्रत्येक तुकड्याचा अर्थ नव्या जागीही तोच राहिला पाहिजे. त्यांनी एका गोष्टीबद्दल काढलेला उसासा दुसऱ्या गोष्टीला जोडायचा नाही.

चौथ्या आणि पाचव्या बाईटची गोष्ट याच अटीची आहे. एकविसाव्या मिनिटाला आजोबा पर्ससीनवर चिडून बोलतात. पर्ससीन जाळं मासळीच्या थव्याभोवती गोल टाकतात आणि खालून बटव्याची नाडी ओढावी तसं आवळून घेतात. थवा खोल पाण्यातच उचलला तर किनाऱ्यावर काय येणार, हे त्यांचं म्हणणं. पण तासाभराने, चहा झाल्यावर, तेच आजोबा म्हणतात: "दोर ओढूक चाळीस माणसा लागतत. झील मुंबईक. शेजाऱ्याचो झील गोव्याक. मगे ओढतलो कोण?" आणि त्याच ओघात एक वाक्य येतं:

"पर्ससीनमुळेच रापण बंद पडली असा मी म्हणूचंय नाय."

हे वाक्य नीट बघा, मराठीत काम करणाऱ्याला याहून मोठा धोका नाही. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी आणि नकार त्याच्याही मागे. कात्री तीन-चार शब्द आधी पडली की उरतं 'पर्ससीनमुळेच रापण बंद पडली'. आवाज त्यांचा, शब्द त्यांचे, अर्थ बरोबर उलटा. ज्या भाषेत नकार आधी येतो तिथे शेपूट कापून असं सहज होत नाही. आपल्याकडे चुकूनही होतं, कारण वेळ वाचवताना हात नेहमी वाक्याच्या शेपटीलाच जातो. म्हणून पत्रिकेवर शेवटचे चार शब्द लिहायचेच.

फक्त चौथा बाईट ठेवला असता तर फिल्म जास्त शेअर झाली असती, यात मला शंका नाही. आम्ही दोन्ही ठेवले, चिडलेला आधी आणि शांत नंतर, कारण ते स्वतः त्याच क्रमाने त्या विचारापर्यंत आले होते.

आणखी एक मोह असतो. एका वाक्याचं पूर्वार्ध घ्यायचं, दुसऱ्याचं उत्तरार्ध, आणि जोडून आपल्याला हवं ते तिसरं वाक्य बोलवून घ्यायचं. तांत्रिकदृष्ट्या जमतं, वर लाटांचं चित्र टाकलं की सांधाही दिसत नाही. माझा नियम सोपा आहे. तेच वाक्य त्यांनी दोनदा सुरू केलं असेल, अडखळले असतील, तर अडखळणं काढायला हरकत नाही. दोन वेगळ्या विचारांचं एक वाक्य करायचं नाही. शंका आली तर तो तुकडा त्यांच्यासमोर बसून लावायचा. लाज वाटणार असेल तर काढून टाकायचा.

## त्यांनी साल चुकीचं सांगितलं तर?

सांगितलंच. चौथ्या बाईटमध्ये आजोबा म्हणतात की पर्ससीनवर निर्बंध 'चौदा साली' आले. राज्य सरकारने ते फेब्रुवारी २०१६मध्ये आणले, त्यात पर्ससीनसाठी सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम ठेवला. वयस्कर माणसांची सालं अशी घसरतात, आठवण मात्र खरी असते. सालाचा तुकडा मोकळा सुटत असेल तर गाळावा. इथे सुटत नव्हता, कारण त्याच श्वासात ते पुढचं बोलतात. म्हणून त्यांचं बोलणं तसंच ठेवून पडद्याच्या खाली बारीक अक्षरात '२०१६' अशी ओळ टाकली. कागदी कटात उजव्या समासाचा उपयोग यासाठीच: कुठे पाटी, कुठे चित्र, कुठे तपासायचं.

## कागद कुठे फसवतो

कागदाला कान नाहीत. पत्रिका लावून झाल्या, वाचून घड्याळ लावलं, सगळं जुळलं, की लगेच त्या सात तुकड्यांचा नुसता आवाज एकामागे एक लावायचा. चित्राकडे बघायचं नाही. डोळे मिटून ऐकायचं. आमच्या आठ पत्रिका होत्या, सात झाल्या त्या इथेच.

आठवी होती: "सरकारान आमका खूप दिल्यान, खूप." कागदावर हे आभार वाटतात. भाच्याने ते चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये 'समतोल' म्हणून ठेवलं होतं. ऐकलं तर आजोबा दुसऱ्या 'खूप'ला असे हसतात की समतोलाचं काही उरत नाही. तो टोमणा होता. टोमणा म्हणून ठेवावा तर तो कशाबद्दल आहे ते आधी सांगावं लागतं, आणि तेवढी जागा नव्हती. गेला.

दुसरी फसगत सुरांची. आपण बोलताना वाक्य संपलं की सूर खाली येतो, अजून सांगायचं असेल तर वर लटकतो. कागदावर पूर्णविराम दोन्हीकडे सारखाच. तिसऱ्या बाईटचा शेवट 'बांगडे गावायचे' लटकत्या सुरावर होता, कारण आजोबा पुढे बांगड्याच्या भावाकडे वळणार होते. तिथे कापलं तर दोर मधेच तुटल्यासारखं वाटतं. उपाय म्हणून कापायची जागा दीड सेकंद पुढे नेली, तिथे ते श्वास घेऊन 'हां' म्हणतात आणि सूर जमिनीला टेकतो. एका 'हां'ने बाईट वाचला.

तिसरी फसगत सर्वनामांची. 'तो' म्हणजे कोण, 'थयसर' म्हणजे कुठे? मूळ मुलाखतीत आधीच्या वाक्यात नाव असतं, बाईट उचलला की ते मागे राहतं. शेवटच्या रापणीच्या बाईटची सुरुवात 'त्या दिसा' अशी होती. कोणत्या दिवशी? चाळीस पानं उलटली, उत्तर नव्हतं, कारण प्रश्न भाच्याने विचारला होता आणि त्याचा आवाज फिल्ममध्ये घ्यायचा नव्हता. शेवटी त्याने सायकल काढली, वाडीत जाऊन एकच प्रश्न विचारला आणि एकच वाक्य रेकॉर्ड करून आणलं. पुढच्या वेळी तो प्रश्न विचारताना आधीच सांगेल, "आजोबा, माझा प्रश्न तुमच्या उत्तरात घेऊन बोला." 'शेवटची रापण कधी?' याला 'त्या दिसा' हे उत्तर होतं. 'आमची शेवटची रापण ओढली त्या दिसा' असं आलं असतं तर सायकल वाचली असती.

## मालवणी बाहेरच्यांना कळेल का?

मराठी बघणाऱ्याला बहुतेक कळते, जरा कान लावला की. तरीही खाली प्रमाण मराठीत ओळ दिली, आणि त्याचा परिणाम क्रमावर झाला. खालची ओळ वाचायला वेळ लागतो आणि वाचताना चेहरा बघायचा राहतो. म्हणून ज्या बाईटमध्ये चेहरा महत्त्वाचा तिथे ओळ तोकडी हवी. सातव्या बाईटमध्ये 'विकूक नाय'खाली आम्ही काहीच लिहिलं नाही.

## झाल्यावर

कागदी कट झाला तेव्हा सात पत्रिका, दीड पान मजकूर आणि समासात वीसेक नोंदी एवढाच पसारा होता. मग सॉफ्टवेअर उघडलं आणि भाच्याचं कच्चं संकलन एका संध्याकाळी झालं. पुढचे तीन दिवस आवाज साफ करण्यात गेले, तो वेगळा विषय.

फिल्म आजोबांना त्यांच्याच ओटीवर दाखवली. पूर्ण मुलाखत पेनड्राइव्हवर घालून घरात दिली, ती घरच्यांची ठेव. आजोबांनी सात मिनिटं न हलता बघितली. मग सुनेकडे वळून म्हणाले, "बरा केल्यान." आणि भाच्याला:

"पण फयानाचा खय गेला?"

भाच्याने खिशातून रेघ मारलेलं पान काढून दाखवलं.